आईला पत्र, ऐकणार सारी वाडी

कथेत पत्र घालणं सोपं वाटतं. नायकाच्या मनातलं सगळं एकदम सांगून टाकता येतं, असा लेखकाचा समज असतो. पण मुलगा आईला सगळं कधी लिहितो? शहरातल्या पहिल्या नोकरीबद्दल तर मुळीच नाही. असं पत्र कथेत जिवंत होतं ते त्यातून गाळलेल्या गोष्टींमुळे.

एक कथा रचून पाहू. काळ १९६०च्या आसपासचा. रत्नागिरीकडचा एक मुलगा चुलत्याच्या ओळखीने गिरणीत चिकटला आहे. तो कायम नाही, बदली आहे. म्हणजे रोज पाळीच्या वेळी गेटवर जायचं, कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम मिळणार, नाहीतर तसंच परत. परळच्या चाळीत एका खोलीत दहा-बाराजण राहतात, पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपतात. जेवण खाणावळीत. हे सगळं कथेच्या पहिल्या दोन पानांत वाचकाने पाहिलं आहे. आता तो लिहायला बसतो :

‘ती. आईस, साष्टांग नमस्कार वि. वि. तुझ्या आशीर्वादाने मी येथे खुशाल आहे. काकांनी जॉबरला सांगून मला साचाखात्यात लावलं. काम जड नाही. तुटलेला धागा जोडायचा, एवढंच. खोलीत सगळी आपल्याकडचीच माणसं आहेत. खाणावळवाल्या मावशींची आमटी बरी असते. दिवसा झोप चांगली लागते. तीस रुपयांची मनीऑर्डर केली आहे, त्यातले पाच वाण्याला द्यावे. गाय व्याली का ते कळवावं. थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.’

यात एकही वाक्य उघड खोटं नाही. तरी बदलीचा, गेटवरून परतण्याचा, खोलीतल्या गर्दीचा उल्लेख नाही. तो आईपासूनच लपवतो आहे असंही नाही. आईला वाचता येत नाही. पत्र वाचून दाखवणार शाळेत जाणारा एखादा मुलगा किंवा पोस्टमन, आणि ते ऐकायला पडवीत शेजारीपाजारी असणार. चुलत्याने शब्द टाकून लावलेल्या नोकरीबद्दल कुरकुर केली, तर ती चुलत्याच्या घरी पोचायला वेळ लागणार नाही. हा ऐकणारा घोळका लेखकाने लक्षात ठेवला, तर पत्रातला संकोच आपोआप खरा वाटतो.

पण सगळंच झाकलं गेलं तर कथा पुढे सरकणार नाही. कुठेतरी फट हवी. इथे दोन आहेत. ‘दिवसा झोप चांगली लागते’ हे त्याने आईचा जीव शांत व्हावा म्हणून लिहिलं, पण त्यातून रात्रपाळी बाहेर पडली. दुसरी फट तीस रुपयांची. आई निरक्षर असली तरी तिला हिशेब कळतो. शेजारणीचा कायम झालेला मुलगा किती पाठवतो हे तिला ठाऊक आहे. पुढच्या महिन्यात अठराच रुपये आले की मुलाला रोज काम मिळत नाही, हे तिला कुणी वाचून दाखवावं लागत नाही. म्हणून या कथेत पत्र एकदा आलं तरी चालेल, मनीऑर्डर मात्र दोनदा यायला हवी.

अशी पत्रं फसतात ती बहुधा एकाच कारणाने. लेखक आईच्या आडून वाचकाशी बोलू लागतो. ‘तुला माहीतच आहे, बाबा वारल्यावर आपली जमीन सावकाराकडे गेली’ असं वाक्य दिसलं की ओळखावं. आईला माहीत असलेली गोष्ट मुलगा तिला कशाला सांगेल? ती माहिती कथनात द्यावी, किंवा ‘पाच वाण्याला द्यावे’ एवढ्यातच कर्ज उरकावं. गिरणीतला आवाज आणि हवेत उडणारे कापसाचे कण यांचं सुंदर वर्णनही पत्रात नकोच. घरी पत्र लिहिताना असलं कुणी लिहीत नाही.

चेखवची १८८६ची ‘वान्का’ या बाबतीत पाहण्यासारखी आहे. तिथे मॉस्कोत चांभाराकडे उमेदवारी करणारा नऊ वर्षांचा पोर आजोबांना पत्र लिहितो. तो आपल्या मुलासारखा झाकत नाही, मार आणि उपासमार सरळ सांगतो. पण चेखव ते पत्र सलग छापत नाही. दोन ओळी लिहून होतात, मुलाचं मन गावाकडे जातं, पुन्हा लेखणी चालू होते. आपल्या कथेतही ‘काम जड नाही’ या वाक्यानंतर थांबता येईल आणि त्याची सोललेली बोटं दाखवता येतील. फक्त हे एकदाच करावं. प्रत्येक वाक्यामागे खरी परिस्थिती दाखवत बसलं, तर वाचकाला स्वतः शोधण्यासारखं काही उरत नाही.

राहता राहिलं आईचं उत्तर. ते द्यायचंच असेल तर तेही दुसऱ्याच्या हातून लिहिलेलं असणार, म्हणजे तिलाही मोकळं बोलता येणार नाही. मी त्यात गाय व्याल्याची बातमी घालीन, वाण्याचे पाच पोचल्याचं लिहीन आणि एक प्रश्न विचारीन : रात्री खाणावळ उघडी असते का?