पालेभाजी न खाणाऱ्या मुलीचं ताट

चौदा वर्षांची मुलगी, हिमोग्लोबिन ११.२. या वयात ते किमान १२ हवं. ११ ते १२ च्या मधलं प्रमाण म्हणजे सौम्य रक्तक्षय. अहवाल हाती आला की घरात रोज पालक शिजू लागतो आणि ताटावर भांडण सुरू होतं. मला हे भांडण अनाठायी वाटतं. शंभर ग्रॅम पालकात लोह जेमतेम तीन मिलिग्रॅम असतं, आणि त्यातलंही फार थोडं अंगी लागतं. तेवढंच लोह मुठीएवढ्या कोरड्या मटकीत मिळतं, आणि मटकीची उसळ मुली आवडीने खातात.

म्हणून तिचा दिवस असा आखावा. सकाळी शेंगदाणे घातलेले पोहे, वर लिंबू पिळून. डब्यात बाजरीच्या दोन लहान भाकऱ्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या, मोड आलेल्या मटकीची उसळ आणि लिंबाची फोड. शाळेतून आल्यावर पेरू आणि अळिवाचा एक लाडू. रात्री मसुराची आमटी, ज्वारीची भाकरी, टोमॅटोची कोशिंबीर. या सगळ्यातून साधारण अठरा मिलिग्रॅम लोह मिळतं. मांसाहार चालत असेल तर आठवड्यातून दोनदा मटण किंवा मासे द्यावेत, कारण त्यांतलं लोह धान्य-कडधान्यातल्या लोहापेक्षा कितीतरी सहज शोषलं जातं.

यात लिंबू आणि पेरू चवीपुरते नाहीत. धान्यातलं आणि डाळीतलं लोह फायटेट नावाच्या घटकाला बांधलेलं असतं. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल तर ते शोषण्याजोगं होतं. मोड आणल्यानेही फायटेट कमी होतं. लिंबू मात्र उसळ खाली उतरवल्यावरच पिळावं, कारण उकळताना क जीवनसत्त्व बरंचसं नष्ट होतं. याउलट पोह्यांसोबत चहा दिला, तर त्यातलं टॅनिन लोहाला अडवतं. चहा बंद करायची गरज नाही, तो खाण्यानंतर तासा-दीड तासाने द्यावा. मोठा ग्लासभर दूधही मुख्य जेवणासोबत नको, ते झोपताना द्यावं.

तरीही हे अठरा मिलिग्रॅम पुरेसे नाहीत. या वयाच्या मुलीला रोज तीसच्या आसपास लोह लागतं, पाळीत जाणारं रक्त त्यात धरलेलंच आहे. रिकामं झालेलं कोठार नुसत्या जेवणाने लवकर भरत नाही. म्हणून डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी थांबवू नये. गोळीने शौचाचा रंग काळसर होतो, त्याला घाबरू नये. मळमळ होत असेल तर गोळी जेवणानंतर द्यावी, पण चहा-दुधाबरोबर नको.

गोळी नियमित घेतली तर महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एकाने वाढायला हवं. वाढलं नाही, तर ताटाला दोष देण्याआधी जंत, पाळीतला जास्त रक्तस्राव, बी-१२ ची कमतरता आणि थॅलेसेमियाचा वाहकपणा यांची तपासणी डॉक्टरांकडून जरूर करून घ्या.