पट्ट्याला हात घालू नका

दोन कुत्र्यांची जुंपली की मालकाचा हात आपसूक पट्ट्याकडे जातो आणि चावा बहुतेक वेळा तिथेच बसतो. त्या क्षणी कुत्रा माणूस ओळखत नाही. आधी बादलीभर पाणी तोंडावर फेका किंवा जाड चादर टाका. तरीही सुटले नाहीत, तर दोघांनी एकाच वेळी एकेका कुत्र्याचे मागचे पाय मांडीपाशी धरून, उलट चालत दूर न्यावे. मात्र एकाने दात रुतवले असतील तर ओढू नका, कातडी फाटते.

मग केस बाजूला करून मान, काख, पोट तपासा. सुळ्याचं भोक तांदळाएवढं दिसतं, पण आत कातडी मांसापासून सुटलेली असते. वरून ते बुजलं की दोन-तीन दिवसांत पू होतो. म्हणून सलाइनने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. रेबीजची लस झालेली असली, तरी पुन्हा द्यावी लागते.

तुम्हाला दात लागला असेल, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. हळद-चुना लावू नका. लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्या.