निवड चाचणी की आजोबा: एका लघुकथेची बांधणी

चौदा वर्षांखालच्या क्रिकेट संघाची निवड चाचणी की आजारी आजोबांची सोबत, हा पेच लघुकथेत खरा कधी वाटतो? दोन्हींची वेळ एकच असेल आणि घरी दुसरे कोणी नसेल तेव्हा. मुंबईतला एक मुलगा घेऊ. आझाद मैदानावर सकाळी आठला हजेरी, नेटमध्ये वाट्याला येणार जेमतेम दहा-बारा चेंडू. घरी आजोबांना अर्धांगवायू झालेला, आई कामावर गेलेली. घास श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून त्यांना ताठ बसवायचे, दाटसर पेज चमच्याने भरवायची, एक घोट उतरल्यावरच दुसरा द्यायचा. हा चमचाच कथेचा कणा. घाई केली की ठसका लागतो आणि घड्याळ तर पुढे सरकतच असते.

अशा कथा बहुधा आजोबांच्या ‘जा बाळा’पाशी फसतात, कारण परवानगी मिळाली की निवड मुलाची उरत नाही. आजोबांचा मृत्यूही तसाच, तो फक्त लेखकाची सुटका करतो. त्यापेक्षा दाराशी किटबॅग, हातात अर्धी वाटी आणि निर्णय मुलाचाच असावा. तो थांबला, तर पुढच्या मोसमापर्यंत त्याला संघात जागा नाही.