स्वेटर: लोकर, अॅक्रिलिक की मिश्र धागा?

स्वेटरची ऊब मुख्यतः त्याच्या तंतूंमध्ये अडकून राहिलेल्या हवेतून येते. मेंढीच्या लोकरीचा तंतू मुळातच नागमोडी असतो. त्यामुळे तंतू एकमेकांना चिकटून बसत नाहीत आणि मध्ये पोकळी राहते. अॅक्रिलिक हा रसायनांपासून काढलेला तंतू. त्यात हा फुगीरपणा कारखान्यात आणावा लागतो. वाफेने आकसणारे आणि न आकसणारे असे दोन प्रकारचे तंतू एकत्र कातून धाग्याला वाफ देतात. पहिले आखडले की दुसरे बाहेर फुगतात. म्हणूनच सारख्या जाडीचे आणि सारख्या विणीचे दोन स्वेटर कोरड्या थंडीत घातले, तर उबेत फारसा फरक जाणवत नाही. वीण सैल असेल तर वारा दोन्हींतून सारखाच आरपार जातो.

खरा फरक ओलाव्याने पडतो. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के बाष्प पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही, आणि बाष्प शोषताना थोडी उष्णताही सोडते. अॅक्रिलिक जेमतेम दोन-अडीच टक्के बाष्प घेते. ४०० ग्रॅमचा स्वेटर धरला, तर शुद्ध लोकर सुमारे १२० ग्रॅम बाष्प सामावू शकते आणि अॅक्रिलिक फार तर १० ग्रॅम. चढ चढताना आलेला घाम अॅक्रिलिकमध्ये कातडीवरच राहतो आणि थांबल्यावर गारठा वाजतो. ८० टक्के अॅक्रिलिक आणि २० टक्के लोकर असलेल्या त्याच वजनाच्या स्वेटरची क्षमता तिशीच्या आसपास भरते, म्हणजे तो अॅक्रिलिकच्याच जवळचा. लेबलावर ‘वूल ब्लेंड’ असे ठळक छापलेले असले, तरी खालचे बारीक अक्षरांतले टक्के वाचावेत ते यासाठी.

टोचण्याचे कारण बहुतेकांच्या समजुतीपेक्षा वेगळे आहे. लोकरीची अॅलर्जी क्वचितच असते. कातडीला त्रास होतो तो धाग्याबाहेर डोकावणाऱ्या तंतूंच्या टोकांचा. टोक बारीक असेल तर कातडीला टेकताच वाकते, जाड असेल तर ताठ राहून रुतते. सगळा खेळ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा. २० मायक्रॉनच्या तंतूपेक्षा ३० मायक्रॉनचा तंतू दीडपटच जाड असतो, पण ताठपणा पाचपट. शंभरात पाचाहून अधिक तंतू ३० मायक्रॉनच्या वर गेले की बऱ्याच लोकांना लोकर टोचू लागते. बारीक मेरिनो लोकर २० मायक्रॉनच्या आतबाहेर असते, म्हणून ती अंगालगत चालते. दख्खनी मेंढीची लोकर याहून खूप जाडीभरडी. ती घोंगडीला उत्तम, गळ्याशी येणाऱ्या स्वेटरला नव्हे. अॅक्रिलिकची जाडी कारखान्यात ठरते आणि ती बहुधा मेरिनोइतकीच ठेवतात, त्यामुळे ते सहसा टोचत नाही. मिश्र धाग्यात मात्र लोकरीचा वाटा किती, यापेक्षा ती कोणत्या जातीची, हे महत्त्वाचे. जाड लोकर २० टक्केच असली तरी तिची टोके बाहेर येतातच.

गोळ्यांच्या बाबतीत मिश्रण सर्वांत फसवे ठरते. काखेत, बाहीच्या कडेला, पिशवीचा पट्टा घासतो तिथे सुटे तंतू वर येतात, एकमेकांत गुंततात आणि त्यांचा गोळा होतो. त्याचा देठ कापडात रोवलेला असतो. लोकरीचा तंतू तुलनेने कमजोर. घासता घासता देठ तुटतो आणि गोळा गळून पडतो. म्हणून नव्या लोकरी स्वेटरला सुरुवातीला गोळे येतात आणि पुढे कमी होतात. अॅक्रिलिकचे देठ चिवट असल्याने गोळे तसेच राहतात. मिश्र धाग्यात लोकर पटकन वर येऊन गुंतते आणि अॅक्रिलिकचा देठ तिला सुटू देत नाही. अशा वेळी मिश्रणाचा स्वेटर शुद्ध लोकरीपेक्षा जास्त खराब दिसतो. नायलॉन किंवा पॉलिएस्टर मिसळले, तर टिकाऊपणा वाढतो, पण देठ आणखी चिवट होतो.

तरीही गोळ्यांचा सगळा दोष तंतूवर घालता येत नाही. कमी पिळाचा, एकपदरी, दुकानात हाताला फार मऊ लागणारा धागा कोणताही असो, त्याला लवकर गोळे येतात. घट्ट पिळाच्या दोनपदरी धाग्यातले तंतू बाहेर निसटत नाहीत. खरेदीच्या वेळी स्वेटरच्या आतल्या बाजूला तळहात काही वेळ घासून पाहावा. लव लगेच उभी राहिली, तर गोळे ठरलेलेच. आलेले गोळे ओढून काढू नयेत, कारण त्यांच्यासोबत नवे तंतू बाहेर येतात. गोळे काढायच्या छोट्या यंत्राने किंवा कात्रीने ते पृष्ठभागालगत कापावेत आणि धुताना स्वेटर उलटा करावा.