एकाच पेशीची पिल्लावळ

साठी ओलांडलेल्या एका गृहस्थांचं उदाहरण घेऊ. त्यांची तक्रार काहीच नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी नेहमीप्रमाणे रक्त तपासलं आणि पांढऱ्या पेशी ३८,००० निघाल्या. एरवी हा आकडा ४,००० ते ११,००० च्या दरम्यान असतो. त्यातल्या ८२ टक्के लिम्फोसाइट, म्हणजे रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये जवळपास ३१,०००. ताप नाही, खोकला नाही, वजन घटलेलं नाही. काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा लहान, गोल, गर्द केंद्रकाच्या पेशींची दाटी दिसली, अधूनमधून चिरडल्यासारखी एखादी. अनुभवी पॅथॉलॉजिस्टच्या मनात इथेच सीएलएल हे नाव येतं. हा संथ गतीने वाढणारा रक्ताचा कर्करोग बहुधा उतारवयात होतो. पाश्चात्त्य देशांत तो खूप आढळतो, आपल्याकडे त्या मानाने कमी.

पण मनात नाव येणं आणि निदान होणं यांत मोठं अंतर आहे. मँटल सेल लिम्फोमा नावाचा दुसरा एक आजार रक्तात उतरला की त्याच्या पेशीही पुष्कळदा अशाच दिसतात. सीएलएलचे कित्येक रुग्ण वर्षानुवर्षं कोणत्याही औषधाशिवाय नुसत्या देखरेखीखाली राहतात. मँटल सेल लिम्फोमात बहुतेकांना लवकर उपचार सुरू करावे लागतात. डोळ्यांना सारख्याच दिसणाऱ्या पेशींमधला हा फरक फ्लो सायटोमेट्री दाखवते.

तिच्यापुढचा पहिला प्रश्न कर्करोगाच्या नावाचा नसतोच. या सगळ्या पेशी एकाच पेशीपासून जन्मल्या आहेत का, हे आधी पाहावं लागतं. संसर्गात लिम्फोसाइट वाढतात तेव्हा अनेक वेगवेगळ्या पेशी एकाच वेळी वाढतात. कर्करोगात मात्र एकाच बिघडलेल्या पेशीची पिल्लावळ माजते. बी लिम्फोसाइटच्या बाबतीत हे ओळखण्याची निसर्गानेच सोय करून ठेवली आहे. प्रत्येक बी पेशी आपल्या पृष्ठभागावर एक अँटिबॉडी बाळगते आणि त्या अँटिबॉडीत एक हलकी साखळी असते. ही साखळी कॅपा असते किंवा लॅम्डा. एकदा ठरली की ती पेशी आणि तिची सगळी संतती तीच साखळी बनवते. निरोगी रक्तात दोन्ही प्रकारच्या पेशी मिसळलेल्या असतात, साधारण ६० टक्के कॅपा आणि ४० टक्के लॅम्डा. आपल्या उदाहरणातल्या गृहस्थांच्या बी पेशी जवळजवळ सगळ्याच कॅपाच्या निघाल्या, तर त्या एका वंशातल्या आहेत हे उघड होतं.

हे पाहायचं कसं? जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतलेलं थोडंसं रक्त पुरतं. त्यात ठरावीक प्रथिनांनाच चिकटणाऱ्या अँटिबॉडी घालतात आणि प्रत्येक अँटिबॉडीला चमकणाऱ्या रंगाचा वेगळा रेणू जोडलेला असतो. पंधरा-वीस मिनिटं नमुना अंधारात ठेवतात, मग लाल पेशी विरघळवणारं द्रावण घालतात. उरलेल्या पांढऱ्या पेशी यंत्रात एका बारीक धारेतून, दर्शनबारीतल्या माणसांसारख्या एकामागून एक, लेझरच्या झोतासमोरून जातात. सेकंदाला काही हजार. पेशीवर पडून सरळ पुढे विखुरलेला प्रकाश तिच्या आकारमानाचा अंदाज देतो, बाजूला विखुरलेला प्रकाश आतल्या दाणेदारपणाचा. शिवाय ज्या रंगाची चमक दिसेल त्यावरून कोणतं प्रथिन पेशीवर आहे ते कळतं, आणि चमक किती तेज आहे त्यावरून ते किती आहे तेही. पडद्यावर एकेका पेशीचा एकेक ठिपका उमटतो. सारख्या पेशींचे ठिपके एकत्र येऊन ढग बनतात. पॅथॉलॉजिस्ट हे ढग वाचतो.

एकाच प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी हवी तितकी बनवता येऊ लागली ती १९७५ मध्ये केंब्रिजला जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी तिची रीत शोधल्यावर. त्यासाठी १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मग प्रयोगशाळांनी अशा अँटिबॉडींचा सपाटा लावला आणि नावांचा गोंधळ उडाला. एकाच प्रथिनाला कुणी टी१ म्हणे, कुणी ल्यू१. १९८२ मध्ये पॅरिसला झालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कार्यशाळेपासून त्यांना सामायिक क्रमांक मिळू लागले. रिपोर्टमध्ये दिसणारे सीडी५, सीडी१९ ते हेच.

आता आपल्या नमुन्याकडे. कॅपा-लॅम्डाची चाचणी सोपी वाटते, पण तिच्यात एक सापळा आहे आणि नवशिक्या प्रयोगशाळा त्यात हमखास सापडतात. रक्तद्रवातही अँटिबॉडी मोकळ्या तरंगत असतात आणि त्यांनाही कॅपा किंवा लॅम्डा साखळ्या असतात. पेशी नीट धुतल्या नाहीत, तर आपण घातलेली रंगीत अँटिबॉडी या मोकळ्या साखळ्यांनाच चिकटून संपते. पेशींच्या वाट्याला काही उरत नाही आणि त्यांच्यावर कॅपाही दिसत नाही, लॅम्डाही दिसत नाही. सीएलएलमध्ये पेशींवरची साखळी मुळातच विरळ असते, त्यामुळे हा निकाल सहज खरा वाटू शकतो. चूक पकडायची असेल तर त्याच ट्यूबमधल्या निरोगी बी पेशी शोधाव्यात. त्यांच्यावरही साखळी दिसत नसेल तर दोष धुण्यात आहे. म्हणून या एका चाचणीसाठी रंग घालण्याआधी पेशी सलाइनने दोन-तीनदा धुतात.

धुऊन पाहिल्यावर चित्र असं दिसलं: लिम्फोसाइटपैकी ८८ टक्के बी पेशी. त्यांची ओळख सीडी१९ वरून पटली. जवळजवळ सगळ्यांवर कॅपा, पण फिकट. ३१,००० चे ८८ टक्के म्हणजे सुमारे २७,०००. एकाच वंशातल्या बी पेशी ५,००० च्या वर असतील आणि तीन महिने तशाच टिकल्या असतील, तर सीएलएलचा उंबरठा ओलांडला असं मानतात. त्याखाली असतील आणि गाठी, प्लीहेची वाढ वगैरे काही नसेल, तर त्याला कर्करोग म्हणत नाहीत. उतारवयात अशी थोडीशी पिल्लावळ बऱ्याच जणांच्या रक्तात सापडते आणि बहुतेकांना तिचा पुढे काही त्रास होत नाही. हा उंबरठा रुग्णाला समजावून सांगितलाच पाहिजे असं मला वाटतं, कारण 'एकाच वंशातल्या पेशी सापडल्या' एवढंच वाक्य रिपोर्टमध्ये वाचून माणसं खचतात.

पुढचं प्रथिन सीडी५. ते एरवी टी लिम्फोसाइटवर असतं. या बी पेशींवर ते सापडलं, म्हणजे शक्यता बरीच आकुंचित झाली. बी पेशींच्या बहुतेक लिम्फोमांमध्ये सीडी५ नसतं, पण सीएलएल आणि मँटल सेल या दोन्हींत ते सहसा असतं. दोन संशयित उरले.

इथे एक प्रथिन घेऊन फैसला करता येत नाही. म्हणून १९९४ साली लंडनच्या एस्टेला मातुतेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुण देण्याची पद्धत मांडली. सीडी५ असलं तर एक गुण, सीडी२३ असलं तर एक, एफएमसी७ नसलं तर एक, पृष्ठभागावरची साखळी फिकट असली तर एक, आणि सीडी२२ फिकट असलं तर एक. पुढे सीडी२२ च्या जागी सीडी७९बी वापरू लागले. चार किंवा पाच गुण मिळाले तर सीएलएल. दोन किंवा कमी मिळाले तर दुसरा लिम्फोमा शोधायचा. पाचांपैकी तीन गुण 'कमी असणं' किंवा 'नसणं' यासाठी मिळतात, याकडे लक्ष द्यावं. मँटल सेलच्या नेहमीच्या चित्रात सीडी२३ नसतं, एफएमसी७ असतं आणि साखळी तेजस्वी असते, त्यामुळे गुण खाली राहतात.

आपल्या नमुन्यात सीडी५ आहे, साखळी फिकट आहे, एफएमसी७ नाही. सीडी२३ मात्र अर्ध्याच पेशींवर आणि तेही क्षीण, आणि सीडी७९बी फिकट म्हणावं की नाही अशा मर्यादेवरचं. गुण तीन द्यायचे की चार? अशा वेळी आधी तपासावं लागतं ते नमुन्याचं आरोग्य. रक्त दोन-अडीच दिवस उन्हाळ्याच्या कुरियरमध्ये फिरलं असेल किंवा बर्फावर ठेवलं असेल, तर पेशी मरतात आणि मेलेल्या पेशींना कोणतीही अँटिबॉडी चिकटते. मग रंगांची एकमेकांवर होणारी गळती पाहायची. एका रंगाची थोडी चमक शेजारच्या रंगाच्या मोजणीत शिरते आणि ती गणिताने वजा करावी लागते. याची खूण त्याच नमुन्यातल्या टी पेशी देतात. त्यांच्यावर सीडी१९ असायलाच नको. तिथे ते दिसलं तर वजाबाकी चुकली. आपल्या नमुन्यात दोन्ही ठीक होतं. मग सीडी२०० पाहिलं. सीएलएलमध्ये ते ठसठशीत असतं, मँटल सेलमध्ये सहसा नसतं किंवा जेमतेम असतं. इथे ते ठसठशीत निघालं.

तरीही अशा कुंपणावरच्या रुग्णात रिपोर्ट इथे बंद करू नये. मँटल सेलच्या मुळाशी ११ आणि १४ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल असते. त्यामुळे सायक्लिन डी१ हे पेशीला विभाजनाकडे ढकलणारं प्रथिन बेसुमार बनू लागतं. ही अदलाबदल फिश नावाच्या चाचणीत थेट दिसते. आपल्या गृहस्थांच्या पेशींत ती नव्हती. म्हणजे सीएलएल. मानेत, काखेत गाठी नाहीत, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट ठीक आहेत, म्हणून उपचार नाहीत. दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं. मोतीबिंदूचं ऑपरेशनही करून घ्यायला हरकत नाही.

तीव्र ल्युकेमियात प्रश्न वेगळे असतात. तिथे कोवळ्या पेशी कोणत्या घराण्यातल्या, हे आधी ठरवतात. पेशीच्या आत सीडी३ सापडलं तर टी, सीडी१९ ठळक आणि सोबत बी पेशींचीच इतर प्रथिनं असली तर बी, आणि मायलोपेरॉक्सिडेज असलं तर मायलॉइड. लहान मुलांच्या बी ल्युकेमियात उपचारांनंतर बोनमॅरोतल्या दहा हजार पेशींत एखादी जरी रोगट उरली असली तरी हेच तंत्र ती शोधू शकतं आणि त्यावर पुढच्या औषधांची मात्रा ठरते.

काही ठिकाणी हे तंत्र हात टेकतं. हॉजकिन लिम्फोमात खऱ्या रोगट पेशी गाठीत इतक्या थोड्या असतात आणि आजूबाजूच्या लिम्फोसाइटना अशा बिलगलेल्या असतात की नेहमीच्या फ्लोमध्ये त्या सहसा सापडत नाहीत. तिथे गाठीचा तुकडा काढून तपासावाच लागतो. रिट्युक्सिमॅब घेतलेल्या रुग्णाच्या बी पेशींवर सीडी२० दिसेनासं होतं, कारण औषधाने ती जागा आधीच अडवलेली असते किंवा ते प्रथिनच पेशीवरून निघून गेलेलं असतं. डाराटुमुमॅबनंतर सीडी३८ चंही असंच होतं. प्रयोगशाळेला हे ठाऊक नसेल, तर ती सीडी२० वरून बी पेशी शोधेल आणि रोग संपला असं लिहून मोकळी होईल. म्हणून नमुन्यासोबतच्या फॉर्मवर वय आणि तक्रारींइतकंच ठळकपणे, आजवर घेतलेली औषधं आणि शेवटचा डोस केव्हा झाला, हे लिहायला रुग्णाच्या नातेवाइकांनी डॉक्टरांना आवर्जून सांगावं.