बदलत्या दराचे चक्रवाढ व्याज

चक्रवाढ व्याज शिकविताना आम्ही दर स्थिर धरतो. व्यवहारात तो स्थिर राहतोच असे नाही. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा दर २०२०-२१ मध्ये ८.५ टक्के होता. पुढील वर्षी तो ८.१ वर आला.

एका मुलीच्या पुढील शिक्षणासाठी पालकांनी १०,००० रुपये तीन वर्षांकरिता ठेवले आणि द.सा.द.शे. दर अनुक्रमे ६, ७ व ८ मिळाला, असे समजू. पहिल्या वर्षाअखेर रास १०,६०० रुपये होते. हीच रास दुसऱ्या वर्षाचे मुद्दल. तिच्यावर ७४२ रुपये व्याज मिळून ११,३४२ होतात. तिसऱ्या वर्षी या रकमेवर ९०७.३६ रुपये व्याज मिळते आणि अखेरची रास १२,२४९.३६ रुपये होते.

पुष्कळ विद्यार्थी तिन्ही दरांची बेरीज करून २१ टक्के, म्हणजे २,१०० रुपये व्याज सांगतात. या हिशेबात व्याजावरील व्याज सुटते आणि मुलीचे १४९.३६ रुपये बुडतात.

दर ८, ७, ६ अशा उलट क्रमाने असते तरी अखेरची रास तीच आली असती. कारण मुद्दलाला १.०६, १.०७ व १.०८ यांनी गुणायचे असते आणि गुणाकारात क्रमाने फरक पडत नाही. परंतु गरज पडून दोन वर्षांनीच ठेव मोडावी लागली तर? मुदतपूर्व कपात धरली नाही तरी उतरत्या क्रमात ११,५५६ रुपये हाती येतात, चढत्या क्रमात ११,३४२. हातावर पोट असलेल्या घरात ही वेळ वारंवार येते. म्हणून ‘तिसऱ्या वर्षी ८ टक्के’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले दिसले, की आधी पहिल्या दोन वर्षांचे दर विचारावेत.