पाऊण तासाची जादा झोप खरी की योगायोग?

डब्लिनच्या गिनेस मद्यकंपनीत नोकरी करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने एक शोधनिबंध छापला. मोजकीच निरीक्षणे हाताशी असताना सरासरीबद्दल काय म्हणता येते, हा त्याचा विषय. उदाहरणादाखल त्यांनी झोपेच्या औषधावरचा एक जुना प्रयोग घेतला होता. दहा रुग्णांपैकी पाच जणांची झोप वाढली, चौघांची घटली, एकाची जैसे थे राहिली. कोणाला ३.७ तास जादा मिळाले, तर कोणाची १.६ तासांनी कमी झाली. सरासरी वाढ ०.७५ तास, म्हणजे पाऊण तास.

मग औषध लागू पडले का? आधी उलट बाजू धरून चालायचे: औषधाचा काहीच परिणाम नाही, खरी सरासरी वाढ शून्य आहे. ही शून्य परिकल्पना. पाच टक्क्यांची मर्यादाही आकडे पाहण्यापूर्वीच ठरवायची.

झोपेतला बदल माणसागणिक किती वेगळा असतो, हे इथे आधीपासून ठाऊक नाही. त्याचा अंदाजही याच दहा आकड्यांवरून करावा लागतो. प्रमाण विचलन येते १.७९ तास. त्याला दहाच्या वर्गमुळाने भागले की सरासरीची प्रमाण त्रुटी मिळते, सुमारे ०.५७ तास. आता ०.७५ ला ०.५७ ने भागायचे. उत्तर १.३३, हेच ‘टी’चे मूल्य.

विचलन आधीच माहीत असते, तर १.९६ हा उंबरठा पुरला असता. पण दहा जणांवरून काढलेला अंदाज स्वतःच डळमळीत असतो, म्हणून गॉसेट यांच्या पद्धतीने उंबरठा २.२६ वर जातो. आपले १.३३ त्याच्या बरेच अलीकडे राहते. पी-मूल्य ०.२२ येते. म्हणजे औषध निष्प्रभ असते, तरी अशा शंभर प्रयोगांपैकी साधारण बावीस वेळा शून्यापासून इतका किंवा याहून जास्त फरक नुसत्या योगायोगाने दिसला असता. ‘औषध निष्प्रभ असण्याची शक्यता २२ टक्के’ असा त्याचा अर्थ मात्र होत नाही.

शून्य परिकल्पना फेटाळता येत नाही, एवढेच इथे हाती लागते. त्यावरून ‘औषधाचा उपयोग नाही हे सिद्ध झाले’ असे लिहिणे चूक. खऱ्या सरासरीसाठी ९५ टक्के विश्वासाचा पट्टा काढला, तर तो अर्ध्या तासाच्या घटीपासून दोन तासांच्या वाढीपर्यंत पसरतो. त्यात शून्य आहे, तशी दोन तासांची भरघोस वाढही आहे.

शिवाय हे गणित रुग्ण एकमेकांपासून स्वतंत्र आहेत आणि बदलांची विभागणी साधारण घंटाकृती आहे, असे मानून चालते. दहाच आकड्यांवरून ही दुसरी गोष्ट नीट पारखता येत नाही. म्हणून निष्कर्ष असा लिहावा: ‘दहा रुग्णांत सरासरी पाऊण तास झोप वाढलेली दिसली, पण औषधाने झोप वाढते किंवा घटते असे म्हणण्याइतका पुरावा या आकड्यांत नाही, आणि मोठ्या परिणामाची शक्यताही त्यांनी नाकारता येत नाही.’